व्हीएआर नेमकं काय तपासतो, आणि आठ आठ मिनिटं का लागतात?

दत्ता_फोंडा (3 मार्च 2025)

शनिवारी आम्ही सहा-सात जण काकांच्या बाल्कांवात टीव्ही काढून एफए कपचा बोर्नमथ विरुद्ध वुल्व्हज सामना बघत होतो. पहिल्या हाफमध्ये बोर्नमथ 1-0 पुढे. कॉर्नर आला, गोलसमोर ही झुंबड, आणि चेंडू जाळ्यात. केरकेझचा गोल. सगळे नाचून झाले, मग रेफ्रीने कानाला बोट लावलं आणि तिथून जवळजवळ आठ मिनिटं मैदानावर काहीच नाही. खेळाडू गार पडू नयेत म्हणून जागच्या जागी धावत होते. शेवटी निकाल काय, तर ऑफसाइड, गोल रद्द.

माझा पुतण्या बारा वर्षांचा. शाळेच्या टीममध्ये विंगवर खेळतो. त्याने मला तीन प्रश्न विचारले. ते व्हीएआरवाले, म्हणजे आत बसून व्हिडिओ तपासणारे रेफ्री, नक्की काय बघतात? चित्र समोर असताना आठ मिनिटं कसली? आणि आपल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमला हे का नाही? मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. इथे रेफ्री, माजी खेळाडू बरेच आहेत. जरा समजावून सांगा.

---

म्हापशाचा_राईटबॅक

आमच्याकडे तेवढ्यात चहा उकळून, गाळून, पिऊन कप धुवून झाले.

---

तिसवाडीकर

दत्ताबाब, हल्ली ऑफसाइड कॉम्प्युटरच ठरवतो. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये बघितलंत ना, ती निळी-लाल माणसं आणि मधली भिंत दाखवायचे. छपरावर बारा कॅमेरे, चेंडूच्या आत सेन्सर. माणसाचं कामच उरलेलं नाही. मग इंग्लंडवाले आठ मिनिटं घालवतात म्हणजे त्यांना ते यंत्र वापरता येत नाही, एवढंच.

---

जुनी_शिटी

तिसवाडीकर, कतारचं तुमचं बरोबर आहे. बारा कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपायचे, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवायचा. पण ‘माणसाचं काम उरलं नाही’ हे नाही पटत. यंत्र फक्त सुचवतं. पाय कुठे होता आणि चेंडू कधी मारला हे व्हीएआरमधला माणूस डोळ्यांनी खात्री करून घेतो, मगच मैदानावर कळवतो. म्हणून तर त्याला सेमी-ऑटोमेटेड म्हणतात.

शनिवारचं सांगायचं तर ते यंत्र तिथे होतं. एफए कपच्या याच फेरीत इंग्लंडमध्ये त्याची चाचणी चालू होती. पण एवढ्या गर्दीत माणसांनी माणसं झाकली गेली आणि यंत्राला कोणाचा पाय कुठे ते सुटं करता आलं नाही. मग जुन्या पद्धतीने हाताने रेषा मारायला लागल्या. यंत्र हरलं, तिथून मोजणी शून्यापासून सुरू झाली.

दत्ताबाब, तुमच्या पुतण्याच्या पहिल्या प्रश्नापासून येतो. मी एकोणीस वर्षं गोव्यातल्या मैदानांवर शिटी वाजवली. व्हीएआरच्या खोलीत कधी बसलो नाही, पण त्याचे नियम रेफ्रींच्या वर्गात घोटून घेतले आहेत.

2018 मध्ये व्हीएआर नियमपुस्तकात आला तेव्हा त्याला चारच दारं उघडी ठेवली होती: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड दाखवलं गेलं तर ती अदलाबदल. मधल्या मैदानातला फाऊल, चुकीचा थ्रो-इन, साधं पिवळं कार्ड यांत तो पडत नाही. आणि या चारांतही ‘रेफ्रीचं मत मला पटलं नाही’ एवढ्यावर त्याला बोलता येत नाही. चूक ढळढळीत असावी लागते, किंवा रेफ्रीच्या नजरेतून काहीतरी गंभीर निसटलेलं असावं लागतं.

पण ऑफसाइडला ही ‘ढळढळीत’ची अट नाही. ऑफसाइड म्हणजे मोजमाप. बोटभर पुढे असलं तरी पुढेच. सगळा वेळ तिथे जातो.

---

सुलभा_डिचोली

सर, एक शंका. गोल झाल्यावरच तपासतात का? परवा एकदा लाइन्समनने झेंडा वर केलाच नाही, हल्ला पुढे चालू राहिला, गोल झाला आणि मग झेंडा वर. माझा मुलगा म्हणाला लाइन्समन झोपला होता.

---

जुनी_शिटी

सुलभाताई, तो झोपला नव्हता, त्याला तसंच शिकवलेलं असतं. अगदी जवळचा ऑफसाइड वाटला आणि गोलची संधी दिसत असली तर झेंडा खाली धरून हल्ला पूर्ण होऊ द्यायचा. चुकून झेंडा आधी वर गेला आणि शिटी वाजली तर तो गोल परत आणता येत नाही. उशिरा वर गेला तर व्हीएआर निदान तपासू तरी शकतो.

आणि तपासणी प्रत्येक गोलची होते, आपल्याला कळतही नाही. खेळाडू मिठ्या मारत असतात तेवढ्यात आतल्यांनी बघून ‘चेक कम्प्लीट’ म्हटलेलं असतं. काहीतरी सापडलं की मगच आपल्याला बोट कानाला दिसतं.

---

पेडण्याचा_गोली

विषय निघालाच आहे तर मलाही बोलायचंय. आमच्या गावच्या स्पर्धेत, भातकापणीनंतर शेतात मैदान आखतात तिथे, सेमीफायनलला माझ्यावर गोल झाला. चेंडू एंडलाइनच्या वीतभर बाहेर गेला होता, तिथून त्यांच्या विंगरने आत ओढला आणि गोल. मी हात वर करून थांबलो. लाइन्समन त्या आयोजक क्लबचाच होता, तो माझ्याकडे बघेना. रेफ्रीने सेंटरला चेंडू ठेवला, आमच्या कॅप्टनने वैतागून किक-ऑफ मारला आणि संपलं. दुसऱ्या दिवशी एकाच्या मोबाइलवर व्हिडिओ निघाला, चेंडू चक्क बाहेर! समितीकडे गेलो तर म्हणाले आता काही होणार नाही. अकरा वर्षं झाली, अजून जात नाही मनातून. त्यामुळे आठ काय, अर्धा तास लागला तरी चालेल, पण नीट बघा, असं माझं मत.

---

जुनी_शिटी

गोलीबाब, वाईट वाटलं वाचून. पण तुमच्या समितीने नियम खरा सांगितला. खेळ पुन्हा सुरू झाला की मागचा निर्णय बदलता येत नाही. मारामारीसारखं गंभीर कृत्य किंवा कार्डाची अदलाबदल झाली असेल तरच मागे जाता येतं. किक-ऑफ मारला नसता तर लाइन्समनला विचारून रेफ्रीला निर्णय फिरवता आला असता.

जगातली सगळ्यांत गाजलेली व्हीएआरची चूकही याच दारात अडकली. 30 सप्टेंबर 2023, टॉटेनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लुईस दियाझचा गोल, लाइन्समनचा झेंडा वर. व्हीएआरने बघितलं, दियाझ स्पष्ट ऑनसाइड. पण त्याच्या डोक्यात असं, की मैदानावर गोल दिलेला आहे. म्हणून तो घाईत ‘चेक कम्प्लीट’ म्हणून मोकळा झाला. रेफ्रीला वाटलं, ऑफसाइड बरोबर. फ्री-किक मारली, खेळ सुरू. रिप्ले चालवणाऱ्याच्या लक्षात काही सेकंदांत आलं, थांबवा म्हणाला, पण खेळ सुरू झाला होता. लिव्हरपूल 2-1 हरलं. नंतर त्या खोलीतलं बोलणं सगळ्यांना ऐकवलं गेलं, मी तीन-चारदा ऐकलं. रेषा बरोबर होत्या, चित्र बरोबर होतं. चुकलं ते फक्त ‘मैदानावर निर्णय काय दिलाय’ हे एकमेकांना न विचारणं.

---

तिसवाडीकर

मान्य, यंत्राचं मी अर्धवट सांगितलं. पण आठ मिनिटं कुठे गेली ते अजून नाही कळलं. रेषा हाताने मारायला फार तर दोन मिनिटं.

---

जुनी_शिटी

एक रेषा असती तर दोनच लागली असती.

कॉर्नर मारताना ऑफसाइड नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या कॉर्नरनंतर आपल्याच टीमच्या कोणाचा चेंडूला स्पर्श झाला, की त्या क्षणी ऑफसाइडचा प्रश्न नव्याने उभा राहतो. एकाने डोकं लावलं, हा एक क्षण. तिथून दुसऱ्याच्या मांडीला लागला, हा दुसरा क्षण. झुंबडीत असे दोन-तीन स्पर्श सेकंदाच्या आत होतात. प्रत्येक स्पर्शाला वेगळं चित्र थांबवायचं, त्या चित्रात कोण कुठे होता ते बघायचं. शिवाय पुढे असलेला गडी नुसता उभा होता की त्याने गोलीची नजर अडवली, कोणाशी झटापट केली, हेही बघायचं.

त्या सामन्यात आधी चेंडू हाताला लागला का ते बघितलं गेलं आणि ते झाल्यावर ऑफसाइड. दोन वेगळ्या तपासण्या, एकामागून एक.

---

सुलभा_डिचोली

मग सर, ऑफसाइड आधी बघितला असता तर हात बघायची गरजच पडली नसती ना? गोल तसाही गेलाच असता.

---

जुनी_शिटी

ताई, प्रश्न एकदम बरोबर जागी आहे. अडचण अशी, की ऑफसाइड मोजायचा तर कोणाच्या स्पर्शापासून मोजायचा हे आधी ठरवावं लागतं. चेंडू हल्ला करणाऱ्याच्या दंडाला लागला की बचाव करणाऱ्याच्या, की कोणाच्याच नाही, यावर पुढचं चित्र कोणतं थांबवायचं ते ठरतं. म्हणून स्पर्शांची साखळी आधी जुळवतात आणि रेषा नंतर मारतात. त्या दिवशी खोलीत कोण काय बोललं ते मी ऐकलेलं नाही, पण झुंबडीतल्या गोलला काम असंच चालतं.

---

पणजी_कॅमेरा

मी लग्नांचे आणि सामन्यांचे व्हिडिओ काढतो, त्या बाजूने थोडं सांगतो. लोकांना वाटतं व्हिडिओ म्हणजे सलग दिसणारं जग. तसं नसतं. सेकंदाला 50 चित्रं धरा. म्हणजे दोन चित्रांच्या मधले 0.02 सेकंद कोणाकडेच नाहीत. आता हिशोब करा. विंगर जोरात पळतोय, सेकंदाला 8 मीटर. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात तो 16 सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. बचावपटू त्याच वेळी उलट्या दिशेने सेकंदाला 4 मीटरने बाहेर पडत असेल तर तो 8 सेंटीमीटर इकडे. दोघांमधलं अंतर एका चित्रात 24 सेंटीमीटरने बदललं. अख्ख्या फुटबॉलचा व्यास 22 सेंटीमीटर!

चेंडूला पाय लागला तो नेमका क्षण या चित्रात की पुढच्या, एवढ्यावर गडी ऑनसाइडचा ऑफसाइड होतो. आणि पाय लागतानाचं चित्र बघितलंत तर चेंडू दोन-तीन चित्रांत बुटाला चिकटलेलाच दिसतो. पहिला स्पर्श कुठला, ते पुढे-मागे करत बसावं लागतं. चेंडूत सेन्सर असला की हा एक वाद मिटतो. एफए कपला तसा चेंडू नव्हता.

---

दत्ता_फोंडा

हे 24 सेंटीमीटरचं पुतण्याला कागदावर करून दाखवलं. त्याने लगेच विचारलं, मग रेषा कुठून मारतात? पायापासून की छातीपासून?

---

बांधकाम_सत्तरी

याचं उत्तर मला देऊ द्या, कारण आमच्या धंद्यातलं आहे. सगळ्यांत पुढे असलेला असा भाग धरतात ज्याने गोल करता येतो. हात धरत नाहीत. काखेच्या खालच्या टोकाच्या वरचा खांदा चालतो, त्याखालचा दंड नाही. आता पाऊल जमिनीवर असलं तर सोपं. पण गडी वाकून पळतोय, खांदा हवेत. खांद्यातून जमिनीवर ओळंबा सोडायचा, तो टेकेल त्या बिंदूतून गोललाइनला समांतर रेषा. आमचा गवंडी भिंतीला लावतो तोच ओळंबा, फक्त पडद्यावर. कॅमेरा तिरका असतो, त्यामुळे नुसत्या डोळ्याने बघितलं तर हवेतला खांदा भलतीकडेच दिसतो. ओळंबा हललेला असताना भिंत बांधलेली मी बघितली आहे, दुसऱ्या मजल्यावर कळतं. इथेही काखेची जागा दोन बोटं इकडेतिकडे धरली की रेषा तेवढीच सरकते.

---

म्हापशाचा_राईटबॅक

आता आमच्या गवंड्याला इंग्लंडला पाठवतो. भिंतीही सरळ होतील, निकालही.

---

जुनी_शिटी

सत्तरीबाब, सुरेख सांगितलंत. म्हणूनच प्रीमियर लीगने 2021-22 पासून जाड रेषा घेतल्या. दोघांच्या रेषा एकमेकींवर चढल्या तर फायदा हल्ला करणाऱ्याला.

---

तिसवाडीकर

एक कळत नाही. मग रेफ्री त्या बाजूच्या टीव्हीकडे धावत का जातो? शनिवारी तर गेला नाही.

---

जुनी_शिटी

जिथे मत द्यायचं असतं तिथे तो जातो. धक्का किती जोराचा होता, टॅकल लाल कार्डाचं होतं का. तिथे आतला माणूस म्हणतो, तुम्ही स्वतः बघा. गडी पुढे होता की मागे, फाऊल बॉक्सच्या आत की बाहेर, यात मत नसतं, म्हणून तिथे नुसतं कळवलं तरी पुरतं. टीव्हीवर बघताना कुठे संपर्क झाला ते संथ गतीने बघतात, पण तो किती जोराचा होता ते नेहमीच्या गतीने. संथ गतीत साधा धक्कासुद्धा राक्षसी दिसतो.

---

पेडण्याचा_गोली

आणि गोली पुढे गेला की ऑफसाइड कुठून धरायचा, याचा घोळ मी स्वतः घातला आहे. कतारच्या पहिल्याच सामन्यात इक्वेडोरचा तिसऱ्या मिनिटाला झालेला गोल रद्द झाला, तेव्हा आमच्या तिंट्यावर सगळे ओरडत होते की मागे बचावपटू उभा दिसतोय की. दिसत होता, पण एकटाच. गोली बाहेर आला होता, तो त्या गड्याच्याही पुढे. शेवटून दुसरा माणूस धरायचा, गोलीच्या आधीचा शेवटचा नव्हे. तिथे गर्दी नव्हती, यंत्राने पटकन सांगितलं.

---

सुलभा_डिचोली

हे सगळं समजलं तरी मला वेळेची मर्यादा असावी असं वाटतं. दोन मिनिटांत सापडलं नाही तर मैदानावरचा निर्णय कायम. आठ मिनिटांनी सापडलेला ऑफसाइड हा ढळढळीत कसा? स्टेडियममध्ये पैसे देऊन बसलेल्या माणसाला तर काय तपासतायत तेही कळत नाही. 2023 च्या महिला वर्ल्ड कपमध्ये रेफ्री माइकवर निर्णय सांगायच्या, ते किती बरं वाटलं.

---

पेडण्याचा_गोली

ताई, दोन मिनिटं संपायला पाच सेकंद असताना तुमच्या मुलाच्या टीमवरचा चुकीचा गोल दिसला तर? तेव्हा घड्याळ बघायचं?

---

सुलभा_डिचोली

हो, बघायचं. तो मैदानातही कधी चुकीच्या निर्णयावर हरतोच की. पण थंडीत आठ मिनिटं उभा राहून मग धावताना मांडी ओढली गेली तर ते कोण मोजणार?

---

जुनी_शिटी

ताईंचं म्हणणं बरेच प्रशिक्षकही मांडतात. सध्या नियमात वेळेची मर्यादा मुद्दाम ठेवलेली नाही, वेगापेक्षा अचूकपणा महत्त्वाचा असं लिहिलं आहे. माझं मन गोलीच्या बाजूला झुकतं. दियाझचा गोल घाईतच गेला. पण माइकच्या बाबतीत ताईंशी शंभर टक्के सहमत. काय तपासतोय एवढं सांगितलं तरी लोक पाच मिनिटं थांबतात.

---

दत्ता_फोंडा

आणि तिसरा प्रश्न राहिलाच. फातोर्डा?

---

पणजी_कॅमेरा

आयएसएलमध्ये अजून व्हीएआर नाही. मी फातोर्ड्याला प्रेक्षकांतून बघितलंय, कॅमेरे टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी लावलेले असतात, रेषा मोजण्यासाठी नाही. मोजायचं तर प्रत्येक कॅमेरा मैदानाच्या रेषांशी जुळवून घ्यावा लागतो, सामन्याआधी तपासावा लागतो, वेगळी खोली, रिप्ले चालवणारा शिकलेला माणूस, आणि प्रशिक्षित व्हीएआर रेफ्री. प्रत्येक मैदानावर, प्रत्येक सामन्याला.

---

जुनी_शिटी

कमी कॅमेऱ्यांच्या स्पर्धांसाठी एक हलका मार्ग फिफाने काढला आहे. 2024 च्या वीस वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपमध्ये, कोलंबियात, तो वापरला. आत कोणी बसत नाही. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा मागणी करता येते, चौथ्या रेफ्रीकडे कार्ड द्यायचं, आणि मैदानावरचा रेफ्री स्वतः टीव्हीवर बघतो. मागणी बरोबर ठरली तर ती शिल्लक राहते. त्यात जवळचे ऑफसाइड सुटणार नाहीत, कारण रेषाच नाहीत. पण गोलीबाबचा तो एंडलाइनबाहेरचा चेंडू सापडला असता.

---

पेडण्याचा_गोली

त्या लाइनवर कॅमेरा असता तर. आमचा मोबाइल गोलच्या मागे होता म्हणून दिसला.

---

तिसवाडीकर (14 एप्रिल)

शिगम्यात धागा मागे पडला, वर काढतोय. शनिवारपासून प्रीमियर लीगमध्येही सेमी-ऑटोमेटेड आलं. जुनी शिटी, आता तरी आठ मिनिटं बंद?

---

जुनी_शिटी

मोकळ्या मैदानातली बंद होतील. कॉर्नरच्या झुंबडीतली आणि हात लागला का यावरची नाही होणार. तिथे यंत्राला विचारायला प्रश्नच तयार नसतो.

---

दत्ता_फोंडा

एक सांगायचं राहिलं. पुतण्याने रविवारी मित्रांना घेऊन शाळेच्या मैदानावर मोबाइल लावला, स्वतः पास देऊन विंगरला पळवलं आणि घरी येऊन एकेक चित्र थांबवलं. पायाला चेंडू लागल्याची तीन चित्रं निघाली. पहिल्यात विंगर ऑनसाइड, तिसऱ्यात ऑफसाइड, आणि मधल्यात बचाव करणाऱ्याचा पाय मधे येऊन चेंडूच दिसत नाही. पुतण्या आणि त्याचा भाऊ जेवणाच्या ताटावर यावरून भांडत होते. पुढच्या रविवारी दुसरा मोबाइल पेनल्टी बॉक्सच्या रेषेत लावायचं ठरलंय.